तीस सेकंदांत मावेल तेवढंच स्पॅनिश

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्री चालवणाऱ्या एका कारखानदारांनी मला इंग्रजीतला एक परिच्छेद पाठवला आणि खाली लिहिलं, "मॅडम, याचं स्पॅनिश करून द्या, मी वाचून पाठवतो." त्यांची एक पार्टी मेक्सिकोत ग्वादालाहारा शहरात आहे. ती पाण्याचे पंप जुळवून विकते आणि पंपाची बिडाची केसिंग शिरोलीतून जातात. त्या कंपनीला पंचवीस वर्षं होणार होती आणि आमच्या कारखानदारांना व्हॉट्सअॅपवर 30 सेकंदांचा आवाजी निरोप धाडायचा होता, तोही स्वतःच्या आवाजात.

कल्पना उत्तम होती. मेक्सिकोत धंद्याची बरीच बोलणी अशीच चालतात. 'ते मान्दो उन आउदियो', म्हणजे 'तुला ऑडिओ पाठवतो', हे वाक्य तिथे आपल्याकडच्या 'फोन करतो' इतकं सहज येतं. तेव्हा आवाजी शुभेच्छा आल्या म्हणून कोणी बुचकळ्यात पडणार नव्हतं. उलट टंकलेल्या 'हॅपी अॅनिव्हर्सरी'पेक्षा ती जास्त आपुलकीची वाटली असती. अडचण त्या परिच्छेदात होती. तो पत्राचा मजकूर होता, 'व्यवस्थापन व समस्त कर्मचारीवृंदातर्फे' या थाटाचा.

30 सेकंदांचा मजकूर लिहिताना बहुतेक जण शब्द मोजतात. स्पॅनिशसाठी तो हिशेब फसवा ठरतो. स्पॅनिशमध्ये इंग्रजीतल्यासारखे एकाक्षरी शब्द कमी, दोन-तीन-चार अक्षरांचे भरपूर. इथे अक्षर म्हणजे छंदात मोजतो ते, एका दमात उच्चारलं जाणारं. इंग्रजी मजकुराचं स्पॅनिश केलं की तो सहसा लांबतो, त्यामुळे इंग्रजीत बरोबर 30 सेकंदांत बसणारा परिच्छेद स्पॅनिशमध्ये बसत नाही. मग बोलणारा घाई करतो आणि घाईतल्या शुभेच्छा पाठ केल्यासारख्या वाटतात.

खुद्द स्पॅनिश बोलणाऱ्यांना ही अडचण येत नाही, कारण ते झपाझप बोलतात. फ्रान्समधल्या लिऑन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 साली सात भाषांचा वेग मोजून प्रसिद्ध केला. त्यात स्पॅनिशचा वेग सेकंदाला सरासरी 7.82 अक्षरं निघाला, तर इंग्रजीचा 6.19. जपानी सोडली तर स्पॅनिशच सगळ्यांत पुढे होती. पण ज्याला स्पॅनिश येत नाही अशा माणसाने तो वेग गाठायला जाऊ नये. मी अशा बोलणाऱ्यासाठी सेकंदाला पाच अक्षरं धरते. 30 सेकंदांतले सहा-सात सेकंद वाक्यांमधल्या विसाव्याला लागतात. उरलेल्या तेवीस-चोवीस सेकंदांत एकशे पंधरा ते एकशे वीस अक्षरं मावतात. शब्दांत सांगायचं तर साठ-पासष्ट. भांडवल एवढंच.

आता त्या इंग्रजी परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्याचं सरळ भाषांतर केलं तर ते असं होतं: 'मान्यवर, आमच्या कंपनीच्या व्यवस्थापनाच्या व सर्व कर्मचाऱ्यांच्या वतीने, आपल्या प्रतिष्ठित संस्थेच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने आमच्या हार्दिक शुभेच्छा व्यक्त करताना आम्हास अत्यंत आनंद व अभिमान वाटत आहे.' स्पॅनिशमध्ये हे सत्त्याऐंशी अक्षरांचं झालं. म्हणजे सतरा-अठरा सेकंद उलटले आणि ऐकणाऱ्याला अजून कळलेलं नाही की बोलतंय कोण. शिवाय हे वाक्य कोणत्याही कंपनीला, कोणत्याही वर्षी, कोणीही पाठवू शकेल. छापील कार्डावर ते खपतं, कारण कार्ड कोणी नीट वाचत नाही. आवाज मात्र ऐकावा लागतो.

म्हणून मी परिच्छेद बाजूला ठेवला आणि फोन करून विचारलं, "या माणसाची तुम्हाला कुठली गोष्ट आठवते?" थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. नऊ वर्षांपूर्वी पहिला माल गेला तेव्हा न्हावा शेव्याहून मान्सानियो बंदराला पोहोचायला त्याला फार उशीर झाला. पार्टीने ऑर्डर रद्द केली असती तर कायद्याने तिची काही चूक नव्हती. पण त्या मालकाने थांबायचं ठरवलं. पुढचा सगळा व्यवहार त्या थांबण्यावर उभा राहिला.

मी म्हटलं, हेच घालू. त्यावर पलीकडून आवाज आला, "मॅडम, आपलीच चूक आपण कशाला काढायची?" शंका रास्त होती. पण वाक्याची रचना बघा. उशिराला त्यात तीन-चार शब्द आहेत, जोर आहे त्यांच्या थांबण्यावर. चूक आपली, मोठेपणा त्यांचा. वर्धापनदिनाला समोरच्या माणसाचा त्याहून चांगला गौरव काय करणार? हे वाक्य दुसरा कुठलाही पुरवठादार पाठवू शकणार नाही, हा त्याचा दुसरा फायदा. मात्र अशी गोष्ट निवडताना मी एक खातरी करून घेते. ती गोष्ट त्या माणसाच्या कर्मचाऱ्यांसमोर वाजली तर चालेल का? कारण असा निरोप ऑफिसात मोठ्याने लावला जातो. त्यात किमतीतली सूट, थकलेलं बिल किंवा आजारपण आलं तर पंचाईत.

मग प्रश्न आला हाक मारण्याचा. पार्टीच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाचे तीन भाग होते आणि आमच्या कारखानदारांनी त्यातला शेवटचा भाग आडनाव समजून परिच्छेदात घातला होता. स्पॅनिश नावात आधी स्वतःचं नाव, मग वडिलांकडचं आडनाव आणि शेवटी आईकडचं. एकच आडनाव घ्यायचं तर सहसा वडिलांकडचं घेतात, म्हणजे मधलं. शेवटचं घेऊन हाक मारली तर माणूस समजून घेईल, पण नऊ वर्षांच्या व्यवहारानंतर ते शोभत नाही.

शिवाय वयाने मोठ्या आणि मान असलेल्या मालकाला मेक्सिकोत 'दोन' लावून बोलवतात, आणि 'दोन' हे पहिल्या नावाला लागतं, आडनावाला नाही. आपल्याकडे पाटलांना 'पाटीलसाहेब' म्हणतात आणि नावाने बोलवायचं तर 'संभाजीराव'. त्यातला हा दुसरा प्रकार, 'राव'चा. पदवीनेही हाक मारतात. इंजिनिअर असेल तर 'इन्हेनिएरो', पदवीधर असेल तर 'लिसेन्सियादो', आणि हे अगदी रोजच्या बोलण्यात. आमच्या पार्टीला त्यांचे कर्मचारी 'दोन' म्हणतात हे जुन्या ईमेलवरून दिसलं, तेव्हा तेच ठेवलं. हे शोधायचं असेल तर अंदाज करू नये. त्यांच्याच माणसांनी लिहिलेल्या निरोपांत त्यांना काय म्हटलंय ते पाहावं.

मालकाला एकट्याला उद्देशून बोलताना 'उस्तेद', म्हणजे आपलं आदरार्थी 'तुम्ही'. 'तू'ला स्पॅनिशमध्येही 'तू'च म्हणतात, पण मेक्सिकोतल्या मोठ्या वयाच्या मालकाला आपण होऊन तसं म्हणू नये. सगळ्या कंपनीला उद्देशून 'उस्तेदेस'. हे दोन्ही मजकुरात येणार होते, कारण आठवण एकट्या मालकाची होती आणि अभिनंदन सगळ्यांचं.

मजकूर ठरला तो असा. नावांच्या जागा इथे मोकळ्या सोडल्या आहेत.

'दोन …, ब्वेनोस दीआस. ले आब्ला …, देस्दे कोल्हापूर. आसे न्वेबे आन्योस, न्वेस्त्रो प्रिमेर एम्बार्के येगोऽ तार्दे, इ उस्तेद नोस एस्पेरोऽ. एसो नो से नोस ओल्बीदा. ओइ सु एम्प्रेसा कुम्प्ले बेइन्तिसीन्को आन्योस, इ आकी एन ला फुन्दिसिओन लो सेलेब्रामोस कोन उस्तेदेस. आ उस्तेद, आ सु फामीलिया इ आ तोदो सु एकीपो: मुचास फेलिसिदादेस. के कुम्प्लान मुचोस मास. उन आब्रासो फ्वेर्ते देस्दे ला इन्दिया.'

मराठीत याचा अर्थ साधारण असा: 'दोन …, सुप्रभात. मी … बोलतोय, कोल्हापुरातून. नऊ वर्षांपूर्वी आमचा पहिला माल उशिरा पोहोचला आणि तुम्ही आमच्यासाठी थांबलात. ते आम्ही विसरत नाही. आज तुमच्या कंपनीला पंचवीस वर्षं होताहेत आणि इथे आमच्या फौंड्रीत आम्ही तो आनंद तुमच्याबरोबर साजरा करतोय. तुमचं, तुमच्या कुटुंबाचं आणि तुमच्या सगळ्या सहकाऱ्यांचं मनापासून अभिनंदन. अशी अनेक वर्षं होवोत. भारतातून एक घट्ट मिठी.'

एकूण त्रेसष्ट शब्द, एकशे तेरा-चौदाच्या आसपास अक्षरं. 'आसपास' म्हणते कारण स्पॅनिशमध्ये एका शब्दाच्या शेवटचा स्वर पुढच्या शब्दाच्या पहिल्या स्वरात मिसळतो. 'ला इन्दिया' ही कागदावर तीन अक्षरं दिसतात, पण तोंडात 'लाइन्दिया' अशी दोनच उरतात, कारण 'दिया' एका दमात जातं. नवखा बोलणारा हे स्वर सुटे उच्चारतो आणि दोन सेकंद जास्त घेतो. म्हणून मजकूर काठोकाठ भरायचा नाही.

यातली काही वाक्यं वरवर साधी दिसतात, पण मराठी किंवा इंग्रजी डोक्यात ठेवून लिहिणारा नेमका तिथेच घसरतो. पंचविसावा वर्धापनदिन म्हणायला अनेक जण पंचवीसला 'आबो' हा प्रत्यय जोडतात. खुद्द स्पॅनिश बोलणारेही ही चूक करतात. त्या प्रत्ययाचा अर्थ मात्र अपूर्णांकाचा, म्हणजे एक पंचविसांश भाग. शुद्ध क्रमवाचक शब्द आहे, पण तो लांबलचक आणि पुस्तकी. म्हणून मी क्रमवाचक टाळला आणि माणसाच्या वाढदिवसाला वापरतात तेच क्रियापद घेतलं: कंपनी पंचवीस वर्षं 'पूर्ण करते'. स्पॅनिशमध्ये कंपनीसाठीही ते अगदी स्वाभाविक आहे, आणि मग शेवटची शुभेच्छा, 'के कुम्प्लान मुचोस मास', त्याच क्रियापदावर आपोआप येऊन बसते.

दुसरी जागा 'आम्ही' आणि 'आपण' यांची. मराठीत हे दोन शब्द आहेत, स्पॅनिशमध्ये दोन्हींना एकच. 'सेलेब्रामोस बेइन्तिसीन्को आन्योस' एवढंच म्हटलं तर अर्थ होतो 'आम्ही पंचवीस वर्षं साजरी करतोय', आणि ऐकणारा समजेल की कोल्हापूरच्या फौंड्रीलाच पंचवीस वर्षं झाली आहेत, अभिनंदन त्याने करायचंय. 'आपण'चा भाव आणायला 'कोन उस्तेदेस', म्हणजे 'तुमच्याबरोबर', हे शब्द लागतातच. अक्षरं कापायच्या वेळी सगळ्यांत आधी नजर जाते ती अशा शब्दांवर, आणि नेमके तेच कापायचे नसतात.

शेवटची मिठी पाहून कारखानदार जरा बिचकले होते. पुरुषाने पुरुषाला, तेही पार्टीला, मिठी? पण मेक्सिकोत ओळखीच्या माणसाचा निरोप 'उन आब्रासो'नेच घेतात, धंद्यातही. पत्राच्या शेवटी लिहायचे कोरडे शब्द बोलण्यात आणले तर ते सरकारी वाटतात. मात्र जिच्याशी फक्त ईमेलने काम चाललंय अशा नव्या पार्टीला मिठी पाठवायची नाही. तिथे साधे 'सालूदोस' पुरतात.

आता मजकूर तयार झाला तरी बोलणारा तोंड उघडेपर्यंत काम अर्धंच. मराठी माणसाला स्पॅनिशचे उच्चार बऱ्याच अंशी फुकट मिळतात. पाच स्वर आपल्या ओळखीचे, त आणि द दातांवरचे, र खणखणीत. वर्षांसाठीच्या शब्दातला 'न्य' तर आपल्या 'ञ'चाच भाऊ. तो मात्र जपायचा. तिथे साधा 'न' लावला तर वर्षांच्या जागी शरीराचा असा एक भाग येतो ज्याचं नाव वर्धापनदिनाला काय, एरवीही कोणी घेत नाही. रोमन लिपीत लिहिताना त्या अक्षरावरची नागमोडी रेघ राहून गेली की नेमकं हेच होतं. देवनागरीत कागद करून देण्याचं हे एक मोठं कारण.

दुसरं कारण असं की रोमन लिपी पाहिली की आपण ती इंग्रजीसारखी वाचतो. पंचवीसच्या स्पॅनिश शब्दाची सुरुवात रोमनमध्ये 'व्ही'ने होते, पण उच्चार 'ब'. वाक्याच्या सुरुवातीचा 'एच' मुका असतो, म्हणून 'आसे', 'हासे' नव्हे. देवनागरीत लिहून दिलं की हे सगळे प्रश्न तिथेच मिटतात.

मिटत नाही तो आघाताचा प्रश्न. मराठीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कानही तिकडे नसतो. स्पॅनिशमध्ये बदलतो. 'एस्पेरोऽ' म्हणजे 'थांबले', आणि जोर मधल्या 'पे'वर गेला की 'मी थांबतो'. 'येगोऽ' म्हणजे 'पोहोचला', आणि 'ये'वर जोर दिला की 'मी पोहोचतो'. सगळ्या निरोपाचा जीव ज्या वाक्यात आहे त्याच्याच दोन्ही क्रियापदांत ही गोम निघाली. म्हणून कागदावर या दोन शब्दांपुढे अवग्रह लावला. मराठी वाचणारा अवग्रह दिसला की आपोआप आवाज लांबवतो आणि जोर योग्य जागी पडतो. स्पॅनिश व्याकरणात हे चिन्ह नाही, पण शिरोलीत ते कामाला आलं.

सराव वाक्यावाक्याने करायचा आणि शेवटच्या वाक्यापासून मागे यायचं. कारण रेकॉर्डिंगच्या वेळी माणूस सुरुवातीला सावध असतो, शेवटाकडे धाप लागते. शेवट पाठ असेल तर आवाज पडत नाही. आणि कागद वाचतोय हे कळू द्यायचं नसेल तर आठवणीचं वाक्य तरी कागदावरून मान वर करून बोलावं. उच्चार अगदी मेक्सिकन हवेत असा माझा हट्ट नसतो. कोल्हापूरचा माणूस कोल्हापूरचाच वाटला पाहिजे. कुणी तिऱ्हाईत, सफाईदार आवाज भाड्याने घेऊन त्याच्याकडून हा मजकूर वदवून घ्यायला मी नेहमी नकार देते. 'तुम्ही आमच्यासाठी थांबलात' हे वाक्य तिऱ्हाइताच्या तोंडी खोटंच वाटणार.

रेकॉर्डिंग फौंड्रीत करू नये हे सांगायला लागू नये, पण केबिनमध्येही करू नये. काच, फरशी, लोखंडी कपाट यांवरून आवाज घुमतो. सावलीत उभ्या केलेल्या गाडीत, काचा बंद आणि एसी बंद करून बसलं की तो घुमत नाही, कारण गाद्या आवाज गिळतात. फोन तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ'चा वारा माइकवर आदळत नाही. व्हॉट्सअॅपमध्ये रेकॉर्डिंग मधेच थांबवून पुढे चालू करता येतं आणि पाठवण्याआधी ऐकताही येतं. तेव्हा एका दमात सगळं जमलंच पाहिजे असं काही नाही. वाक्य संपलं, थांबा, श्वास घ्या, पुढचं बोला.

तयार निरोप दोन परीक्षांतून न्यायचा. पहिली वेगाची. 2021 पासून व्हॉट्सअॅपवर आवाज दीडपट आणि दुप्पट वेगाने ऐकता येतो, आणि दिवसभरात पन्नास निरोप येणारा मालक तो तसाच ऐकणार. म्हणून स्वतःच दीडपटीवर लावून बघायचं. नाव, नऊ आणि पंचवीस हे स्पष्ट ऐकू आले पाहिजेत. आमच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये नाव आणि 'ब्वेनोस दीआस' एकमेकांना चिकटले होते, म्हणून नावानंतर पूर्ण एक सेकंद थांबायचं ठरलं. दुसरी परीक्षा अर्थाची. मजकूर न पाहिलेल्या, शक्यतो मेक्सिकन, ऐकणाऱ्याला एकदाच ऐकवायचं आणि विचारायचं, काय कळलं? 'कोणीतरी अभिनंदन करतंय' एवढंच उत्तर आलं तर आठवणीचं वाक्य वाया गेलं. 'यांचा माल उशिरा आला होता आणि आमच्या माणसाने सांभाळून घेतलं' असं उत्तर आलं तर पाठवायला हरकत नाही.

हाच मजकूर स्पेनमधल्या पार्टीला जसाच्या तसा चालत नाही. तिथे अनेकांना उद्देशून बोलताना 'बोसोत्रोस' हे वेगळं, घरगुती रूप सर्रास वापरतात आणि ओळखीच्या कंपन्या आपसांत तेच बोलतात. मेक्सिकोतलं 'उस्तेदेस' तिथे जरा लांबचं वाटतं. अभिनंदनाला 'एनोराब्वेना' हा शब्द तिथे जास्त शोभतो. 'मिठी'तला 'स'सुद्धा स्पेनच्या बहुतेक भागात जीभ दातांत धरून उच्चारतात, 'आब्राथो'च्या जवळ. अर्जेंटिनात 'येगो'चं 'शेगो' होतं आणि 'तू'च्या जागी 'बोस' येतं. कोणाला पाठवायचं हे ठरल्याशिवाय 'स्पॅनिशमध्ये लिहून द्या' या मागणीला म्हणूनच उत्तर नसतं. एका देशासाठी केलेला निरोप दुसऱ्या देशातल्या पार्टीला फॉरवर्ड केला तर त्यावर 'फॉरवर्डेड'चा शिक्काही उमटतो, ते वेगळंच.

राहिली पाठवायची वेळ. मेक्सिकोने 2022 साली देशाच्या बहुतेक भागात घड्याळ मागेपुढे करणं बंद केलं, त्यामुळे ग्वादालाहारा आता वर्षभर आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिथे सकाळचे नऊ. आमच्या मजकुरात 'सुप्रभात' आहे आणि 'आज' आहे. निरोप आपल्या सकाळी पाठवला असता तर तिथे अजून आदल्या दिवसाची रात्र असती आणि हे दोन्ही शब्द खोटे पडले असते. शिवाय 'आज' म्हणजे नेमका कोणता दिवस हेही तपासावं लागलं, कारण कंपनीची नोंदणी एका तारखेची आणि समारंभ दुसऱ्या. समारंभाची तारीख धरली.

सगळ्यांत कमी विचार होतो तो उत्तराचा. इतकं व्यवस्थित स्पॅनिश ऐकल्यावर समोरचा माणूस खूश होऊन लगेच दीड मिनिटाचा ऑडिओ पाठवतो, सेकंदाला सात-आठ अक्षरांच्या वेगाने, नाहीतर सरळ फोनच करतो. आणि इकडे कारखानदारांना 'ब्वेनोस दीआस'च्या पुढे काही येत नाही. 'मला स्पॅनिश येत नाही, पण हे तुमच्या भाषेत सांगायचं होतं' हे वाक्य निरोपातच घालावं असं आधी ठरलं होतं. पण त्याला चार-पाच सेकंद लागत होते आणि त्यासाठी कुटुंब आणि सहकारी यांचा उल्लेख कापावा लागला असता. म्हणून ते वाक्य आवाजाच्या खाली लिहून पाठवायचं ठरलं, आवाजानंतर लगेच, दोन ओळींत. उत्तराच्या ऑडिओसाठी मी रात्री नऊपर्यंत फोनजवळ थांबले. उत्तर आलं तर ते माझ्याकडे येणार, मी मराठीत सांगणार, आणि तेवढ्यात कारखानदारांनी आधीच तयार ठेवलेला दुसरा छोटा निरोप पाठवायचा: 'मुचास ग्रासियास, दोन …. उन आब्रासो.' त्यापुढचं बोलणं नेहमीसारखं इंग्रजीत, लिहून.